लाल अक्षरं आणि 07 हा आकडा: हार्ड डिस्कच्या एका वॉरंटी दाव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एक फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, साखरपुडा, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळी कामं तिथे होतात. मालक पन्नाशीचे आहेत आणि कॉम्प्युटरचं काम त्यांचा भाचा बघतो. स्टुडिओच्या मशीनमध्ये विंडोजसाठी एक एसएसडी आणि फोटोंसाठी 4 टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क होती. ती 18 नोव्हेंबर 2021 रोजी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डीलरकडून घेतली होती आणि तिला तीन वर्षांची वॉरंटी होती. डिस्क कोणत्या कंपनीची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. थोड्याफार फरकाने हाच प्रकार कुठल्याही कंपनीच्या डिस्कबाबत होऊ शकतो.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. डिस्क माझ्याकडे आली तोवर वॉरंटीचा पहिला दावा फेटाळला गेला होता.

अडचण

5 ऑक्टोबर 2024 रोजी एका लग्नाचं फोल्डर उघडताना मशीन दोन-दोन मिनिटं गोठायला लागलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `disk` या नावाने 7 क्रमांकाच्या नोंदी पडत होत्या. डिस्कवर खराब ब्लॉक आहे, असा त्या नोंदीचा अर्थ. भाच्याने डिस्क काढली, यूएसबी डॉकमध्ये घातली, लॅपटॉपला जोडली आणि कंपनीच्या साइटवरून त्यांचं तपासणीचं साधन उतरवून घेतलं. छोटी चाचणी दोन मिनिटांत पास झाली. मग त्याने मोठी चाचणी लावली. अर्ध्या तासाने बघतो तर पडद्यावर लाल अक्षरांत FAIL आणि खाली `Status code = 02`.

लाल अक्षरं दिसली म्हणजे काम झालं, असं त्याला वाटलं. त्याने स्क्रीनशॉट घेतला आणि 7 ऑक्टोबरला साइटवर दावा टाकला. लगेचच दोन गोष्टी अंगावर आल्या. साइटवर सीरियल नंबर टाकला तर वॉरंटी 2 सप्टेंबर 2024 रोजीच संपल्याचं दिसत होतं. आणि तीन दिवसांनी उत्तर आलं की जोडलेल्या निकालावरून डिस्कमध्ये दोष असल्याचं दिसत नाही, चाचणी पूर्ण होऊ द्या.

मालक डिस्क घेऊन माझ्याकडे आले ते चिडूनच. "अहो, लाल अक्षरात नापास लिहिलंय आणि हे म्हणतात दोष नाही! फसवाफसवी आहे का नुसती?"

फसवाफसवी नव्हती. कंपनीचं उत्तर बरोबर होतं.

02 म्हणजे काय, 07 म्हणजे काय

हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे थोडा थांबतो.

आजच्या प्रत्येक साटा हार्ड डिस्कच्या आत स्वतःची परीक्षा घेण्याची सोय असते. बाहेरचं साधन फक्त "छोटी चाचणी कर" किंवा "मोठी चाचणी कर" असा हुकूम सोडतं. चाचणी डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर करतं आणि निकाल डिस्कच्या आतल्याच एका नोंदवहीत लिहितं. त्या निकालाचे आकडे कंपनीच्या मनावर नसतात, ते डिस्कसाठीच्या एटीए मानकात ठरलेले आहेत. 0 म्हणजे चाचणी पूर्ण, दोष नाही. 1 म्हणजे कॉम्प्युटरनेच चाचणी थांबवली. 2 म्हणजे मध्येच रीसेट आल्यामुळे चाचणी तुटली. 3 म्हणजे काही गंभीर किंवा अज्ञात चुकीमुळे चाचणी पुरी होऊ शकली नाही. 4 ते 7 हे खरे नापासाचे आकडे: 4 मध्ये कोणता भाग बिघडला ते कळत नाही, 5 विजेच्या भागाचा दोष, 6 हेड जागेवर नेणाऱ्या यंत्रणेचा आणि 7 वाचनाचा. 8 आला तर डिस्क आपटल्याचा किंवा हाताळणीत इजा झाल्याचा संशय. वॉरंटी मागणाऱ्याला नको असलेला आकडा तोच.

भाच्याचा 02 हा डिस्कविषयी काहीच सांगत नव्हता. चाचणी मध्येच तुटली, एवढंच तो सांगत होता. का तुटली? तर पुष्कळशा यूएसबी डॉकना काही वेळ डेटाची ये-जा दिसली नाही की झोप लागते. डिस्कची अंतर्गत चाचणी चालू असताना केबलवरून काहीच जात-येत नसतं, कारण सगळं काम डिस्कच्या पोटात चाललेलं असतं. डॉकला वाटतं डिस्क रिकामी बसली आहे. तो डिस्कला झोपवतो किंवा रीसेट करतो आणि चाचणी मोडते. साधन मात्र पूर्ण न झालेल्या प्रत्येक चाचणीला एकाच लाल रंगात FAIL म्हणतं. साधन बनवणाऱ्यांनी इथे दोन रंग वापरले असते तर माझ्यासारख्यांचे बरेच फोन वाचले असते.

सगळ्याच कंपन्यांची साधनं असे उघड आकडे देत नाहीत. काही साधनं आठ अक्षरांचा एक संकेत देतात. तो वाचून आपल्याला काही कळत नाही, तो जसाच्या तसा दाव्याच्या अर्जात भरायचा असतो. काही साधनं डिस्कची अंतर्गत चाचणी न वापरता स्वतःच एकेक सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा एकेक छोटा कप्पा, वाचत जातात. त्यांचे आकडे वेगळे असतात आणि ते त्या कंपनीच्याच यादीत बघावे लागतात.

समोर असलेले पर्याय

माझ्यापुढे 11 ऑक्टोबरला चार वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे `chkdsk /r` चालवायचं किंवा साधनातलं दुरुस्तीचं बटण दाबायचं. भाच्याचा ओढा तिकडे होता. मी नको म्हटलं. न वाचता येणाऱ्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं गेलं की डिस्क तो सेक्टर एक तर पुन्हा वापरात घेते, नाही तर राखीव जागेतल्या दुसऱ्या सेक्टरने बदलते. दोन्हीत चाचणी पास होऊ लागते. म्हणजे पुरावा पुसला जातो आणि त्या जागी असलेला फोटोही कायमचा जातो. `chkdsk /r` सेक्टरवर थेट लिहीत नाही, पण खराब भाग वगळण्यासाठी फाइल सिस्टिममध्ये फेरफार करतं, आणि डेटा बाहेर काढण्याआधी मला तेही नको होतं.

दुसरी वाट, डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची. डिस्क नीट ओळखली जात होती, खटखट आवाज नव्हता. एवढ्यात तो खर्च नको होता. शिवाय कुणी डिस्क उघडली असती तर वॉरंटी गेली असती.

तिसरी, लगेच मोठी चाचणी करून आकडा मिळवायचा. मालकांना हेच हवं होतं, कारण वॉरंटीचे दिवस मोजके उरले होते. पण मोठी चाचणी म्हणजे सगळी डिस्क एकदा टोकापासून टोकापर्यंत वाचणं. आजारी डिस्कची अशी एकच धाव शिल्लक असेल तर ती चाचणीवर घालवायची की फोटो बाहेर काढण्यावर? हा प्रश्न मालकांना विचारला तेव्हा ते गप्प झाले. त्या डिस्कवरच्या दोन लग्नांचे अल्बम अजून द्यायचे होते.

म्हणून चौथी वाट धरली: आधी नक्कल, मग चाचणी, मग दावा.

केलेली कृती

डिस्क डॉकमधून काढून माझ्या बाकावरच्या मशीनला थेट साटा केबलने जोडली. लिनक्सवर `smartctl -a` ने स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, पाहिले. तीनच आकडे बघण्यासारखे होते. 197 क्रमांकाचा, म्हणजे निकालाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचा आकडा 24 होता. 5 क्रमांकाचा, म्हणजे बदललेल्या सेक्टरांचा, शून्य. आणि 199 क्रमांकाचा, केबलवरच्या चुका मोजणारा, तोही शून्य. या शेवटच्या शून्याचं मला जास्त समाधान वाटलं. तो मोठा असता तर दोष केबलचा किंवा मदरबोर्डच्या जोडाचा असण्याची शक्यता आधी तपासावी लागली असती.

मग तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर नक्कल सुरू केली. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल ते सगळं घ्यायचं, अडेल ते सोडून पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत अडलेल्या जागी तीनदा प्रयत्न करायचा.

```
ddrescue -f -n /dev/sdb /dev/sdc disk.map
ddrescue -f -d -r3 /dev/sdb /dev/sdc disk.map
```

यात कुठली डिस्क आधी आणि कुठली नंतर हे उलटं झालं तर सगळं संपलं. म्हणून मी दोन्ही सीरियल नंबर कागदावर लिहून, पडद्याशी ताडून मगच एंटर दाबतो. दसऱ्याला दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली, पण हे मशीन चालूच ठेवलं. त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि पंखा मोकळा सोडला.

नक्कल झाली तेव्हा 12,288 बाइट मिळाले नव्हते, म्हणजे 4,096 बाइटांचे तीन खरे सेक्टर. 512 बाइटांच्या हिशेबाने ते 24 होतात, स्मार्टमधल्या 24 शी जुळणारे. त्यातले दोन रिकाम्या जागेत होते. तिसरा हळदीच्या कार्यक्रमातल्या एका फोटोत पडला होता. त्याच क्षणाचे आणखी चार फोटो होते, त्यामुळे कुणाला त्याचं दुःख झालं नाही.

आता चाचणी. झोपेची सगळी सेटिंग बंद करून मोठी चाचणी लावली. 4 टीबीच्या या डिस्कला पूर्ण व्हायला साडेआठ तासांच्या आसपास लागले असते, पण ती साडेतीन तासांतच थांबली. नोंदवहीत हे दिसलं:

```
Num  Test_Description  Status                    Remaining  LifeTime(hours)  LBA_of_first_error
# 1  Extended offline  Completed: read failure      60%         9412         3182458816
# 2  Extended offline  Interrupted (host reset)     90%         9387         -
# 3  Short offline     Completed without error      00%         9386         -
```

खालून वर वाचलं तर सगळी हकीकत यात आहे. 9386 व्या तासाला भाच्याची छोटी चाचणी पास झाली. छोटी चाचणी पृष्ठभागाचा थोडासाच भाग बघते, म्हणून ती पास झाली यात नवल नाही. 9387 व्या तासाला डॉकने मोठी चाचणी मोडली. आणि 9412 व्या तासाला थेट केबलवर ती खरोखर नापास झाली. सापडलेल्या पहिल्या खराब सेक्टरचा क्रमांकही शेवटी आहे. या डिस्कवर 781 कोटींच्या वर सेक्टर आहेत, त्यातला 318 कोटीच्या आसपासचा हा सेक्टर. म्हणजे चाळीस टक्के डिस्क वाचून झाल्यावर चाचणी अडली आणि 60 टक्के बाकी राहिली. हा मेळ बसला की निकालावर विश्वास ठेवता येतो. पहिली चूक सापडली की चाचणी तिथेच थांबते, त्यामुळे एकच क्रमांक दिसला म्हणून एकच सेक्टर खराब आहे असं समजू नये.

कंपनीला मात्र लिनक्सचा निकाल पाठवून उपयोग नव्हता, त्यांना त्यांच्याच साधनाचा आकडा लागतो. विंडोजच्या मशीनला तीच डिस्क साटावर जोडून साधनातून मोठी चाचणी पुन्हा केली. या वेळी लाल अक्षरांखाली `Status code = 07` आलं, वाचनात नापास. स्क्रीनशॉट घेताना डिस्कचा मॉडेल, सीरियल नंबर आणि तारीख एकाच चित्रात येईल असं बघितलं. भाच्याच्या स्क्रीनशॉटमध्ये सीरियल नंबर कापला गेला होता, तेही एक कारण होतंच.

तारखेचं भांडण

साइटवर वॉरंटी संपलेली का दिसत होती? कंपनी मुळात डिस्क वितरकाकडे पाठवल्याच्या तारखेपासून मोजते. डिस्क डीलरच्या कपाटात अडीच महिने पडून होती, तेवढे दिवस कमी झाले. खरेदीचं बिल दिलं की तारीख दुरुस्त होते. पण आमच्या जीएसटी बिलावर नुसतं "हार्ड डिस्क 4 टीबी, नग 1" असं होतं. सीरियल नंबर नाही. हे बिल याच डिस्कचं कशावरून?

डीलरने आधी टाळाटाळ केली, पण त्याच्या स्टॉकच्या रजिस्टरमध्ये आलेल्या मालाचे सीरियल नंबर होते. त्याने लेटरहेडवर बिल क्रमांक, तारीख आणि सीरियल नंबर लिहून शिक्का मारून दिला. बिल आणि हे पत्र एकाच पीडीएफमध्ये जोडून 14 ऑक्टोबरला नवा दावा टाकला. दोषाच्या रकान्यात गोष्ट सांगितली नाही. चार ओळी लिहिल्या: थेट साटा जोडणी, मोठी चाचणी, आकडा 07, 9412 व्या तासाला, पहिला खराब सेक्टर अमुक, 197 चा आकडा 24. 16 तारखेला दावा मंजूर झाल्याचा क्रमांक आला.

जिथे मी चुकलो

डिस्क पाठवायच्या आधी मालकांनी विचारलं, "यातले लोकांचे फोटो कुणी बघणार नाही ना?" प्रश्न रास्त होता. डिस्क परत मिळत नाही, बदली मिळते. मी म्हटलं, दावा मंजूर झालाय, आता सगळ्या डिस्कवर शून्य लिहून टाकू. रात्रभरात लिहून झालं.

सकाळी स्मार्ट पाहिलं तर 197 चा आकडा शून्य झाला होता आणि 5 चा 8. म्हणजे 24 पैकी 16 सेक्टर लिहिल्यावर पुन्हा धड चालू लागले आणि 8 बदलले गेले. वर मी भाच्याला ज्यासाठी अडवलं होतं, तेच मी स्वतः केलं होतं.

पुण्यातल्या केंद्रावर मालक स्वतः डिस्क घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने छोटी चाचणी लावली आणि ती पास झाली. "काका, ही तर चालू आहे." मालकांनी मला फोन लावला. मी त्या मुलाला एवढंच सांगितलं की डिस्कच्या आतली चाचण्यांची नोंदवही उघडून 9412 व्या तासाची नोंद बघा, आणि 5 चा आकडा बघा. नोंदवही डिस्कच्या वेगळ्या राखीव जागेत असते, डेटावर शून्य लिहून ती जात नाही. त्याने पाहिलं, मंजूर दाव्यातल्या स्क्रीनशॉटशी ताडलं आणि डिस्क घेतली. दुसऱ्या कुणी घेतली नसती तर त्याला बोल लावता आला नसता.

निकाल

भाऊबीज झाल्यावर तीन दिवसांनी, 6 नोव्हेंबरला, बदली डिस्क आली. ती नवी नव्हती, कंपनीने तपासून पुन्हा प्रमाणित केलेली होती, तसं लेबलवरच छापलेलं होतं. अशा डिस्कवर चालू तासांचा आकडा शून्य दिसला तरी ती कोरी असते असं नाही, तो आकडा कारखान्यात पुसता येतो. या कंपनीच्या अटींनुसार बदली डिस्कला मूळ वॉरंटीचे उरलेले दिवस किंवा 90 दिवस, यांतलं जे जास्त ते मिळतं. आमचे दोनच आठवडे उरले होते, त्यामुळे 90 दिवस मिळाले. वापरात घेण्याआधी तिच्यावर थेट केबलने मोठी चाचणी पूर्ण केली. साडेआठ तासांनी 0 आला.

स्टुडिओचं काम तोवर नकलेच्या डिस्कवर सुरू झालंच होतं. बदली डिस्क आता दुसरी प्रत ठेवायला वापरतात.

वेगळं काय करता आलं असतं

भाच्याने डॉकऐवजी डिस्क मशीनमध्येच ठेवून चाचणी केली असती तर पहिल्याच दिवशी 07 मिळाला असता. पण मग नकलेआधी चाचणी झाली असती, आणि डिस्क चाचणीतच बसली असती तर फोटो गेले असते. त्यामुळे डॉकच्या झोपेला मी पुरता दोष देत नाही.

माझी चूक मात्र टाळता येण्यासारखी होती. `ddrescue` नकलेच्या वेळी कुठली जागा वाचली आणि कुठली नाही याचा नकाशा ठेवतं. तोच नकाशा वापरून फक्त वाचता आलेल्या जागांवर शून्य लिहिता येतं आणि खराब सेक्टरांना हात लागत नाही:

```
ddrescue --fill-mode=+ --force /dev/zero /dev/sdb disk.map
```

म्हणजे लोकांचे फोटो पुसले जातात आणि डिस्क केंद्रावरही नापासच होते. वॉरंटीला पाठवायच्या डिस्कसाठी हीच पद्धत त्या साधनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली आहे, आणि ती मला माहीत असून त्या रात्री आठवली नाही. यात एकच पथ्य आहे: `disk.map` ही फाइल जपून ठेवायची. नक्कल झाली की ती पुसून टाकायची सवय मला होती.

डिस्क पहिल्या दिवसापासून बिटलॉकरने कुलूपबंद असती तर पुसण्याचा प्रश्नच आला नसता. मालकांच्या नव्या डिस्कवर ते केलं आहे. रिकव्हरी की दोन कागदांवर छापून घेतली, एक स्टुडिओच्या तिजोरीत आणि एक भाच्याच्या आईकडे. आणि नव्या डिस्कच्या बिलावर सीरियल नंबर डीलरकडून हाताने लिहून घेतला. त्याने लिहिताना तोंड वाकडं केलं, पण लिहिला.